कारण, नाव आणि महिना

आमच्या घरी नाही म्हणण्याचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे नाही हे म्हणतात, ते लिहून काढते मी. आमचे हे शाळेत मराठी शिकवायचे. आधी अकोल्यात, मग अमरावतीला. शिकवता शिकवता भाषणं करायला लागले आणि रिटायर झाल्यावर भाषणंच उरली. गॅदरिंग, ग्रंथदिंडी, वाचनालयाचा वर्धापन दिन, कोणाची पुण्यतिथी, कोणाची एकसष्टी. थंडी सुरू झाली की आमच्याकडे निमंत्रणं येतात, जसा दुसऱ्यांकडे सर्दी-खोकला येतो.

माझं शिक्षण चौथी. पण अक्षर चांगलं आहे. ह्यांचं अक्षर कोणालाच लागत नाही. एकदा ह्यांनी एका संस्थेला नकार कळवला होता आणि त्या लोकांनी तो होकार समजून मंडप घातला. तेव्हापासून हे सांगतात आणि मी लिहिते. आता फक्त एवढं बदललं की पत्र पोस्टात जात नाही. मी कागदावर लिहिते, हे सही करतात, मग मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवते. फोन लावून बोल म्हटलं तर मला जमत नाही. समोरचा ‘हॅलो’ म्हणाला की माझ्या डोक्यातलं सगळं निघून जातं. कागदासमोर मात्र मी घाबरत नाही, कारण कागद काही विचारत नाही.

नकार लिहिण्याची ह्यांची एक पद्धत आहे. तीन गोष्टी पाहिजेत : कारण, नाव आणि महिना. कारण एकच द्यायचं आणि खरं द्यायचं. दोन कारणं दिली की समोरचा समजतो की एकही खरं नाही. मग नाव. म्हणजे मी येऊ शकत नाही, पण अमुक व्यक्ती या विषयावर चांगलं बोलते, त्यांना विचारा. आणि शेवटी महिना. चैत्रात मोकळा आहे, तेव्हा अवश्य बोलवा. हे म्हणतात, नुसतं नाही लिहिणं म्हणजे दार लावून घेणं. महिना लिहिला की दार लोटलेलं राहतं.

यातलं नाव हे सगळ्यात अवघड. सुरुवातीला हे न विचारताच नावं सुचवायचे. एकदा परतवाड्याच्या मंडळाला एक नाव दिलं, आणि त्या गृहस्थांचं त्याच मंडळाशी दहा वर्षांपासून बोलणं बंद होतं. मंडळाला वाटलं ह्यांनी चिडवलं. त्या गृहस्थांना वाटलं मंडळानं चिडवलं. दोघंही आमच्याकडे येऊन चहा पिऊन गेले, वेगवेगळ्या दिवशी. तेव्हापासून नियम झाला की ज्याचं नाव द्यायचं त्याला आधी विचारायचं. मी एक वही केली. कोण कशावर बोलतो, किती वेळ बोलतो, प्रवास झेपतो का, कोणाच्या शेजारी बसत नाही. एका बाईंच्या पुढे मी लिहून ठेवलं आहे, ‘विषय कोणताही द्या, पाण्यावर येतात.’ त्या पाटबंधारे खात्यात होत्या.

एवढ्या वर्षांत शेकडो नकार लिहिले असतील. पण एका ठिकाणाला ह्यांनी कधी नकार दिला नव्हता. ते म्हणजे अकोला.

अकोल्याला आम्ही अकरा वर्षं होतो. एकाच ओळीत दोन दोन खोल्या, मधे एक भिंत. भिंतीपलीकडे ह्यांचे मित्र राहायचे, त्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यांची बायको माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकच. गणिताचे सर गेले त्याला आता दहा वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “दरवर्षी या दिवशी मी येऊन त्यांच्यावर बोलेन.” ताईनं मान हलवली. त्या वेळी माणूस कशालाही मान हलवतो.

तेव्हापासून जानेवारीत वाचनालयाच्या हॉलमध्ये स्मृती व्याख्यान असतं. सरांच्या बरोबरीच्या तीन शिक्षकांची समिती आहे. दिवाळी झाली की समितीचं पत्र येतं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. पहिला मान सरांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा. हे लगेच होकार लिहायला सांगतात आणि जाऊन पावणेदोन तास बोलतात.

भाषण सायकलचं असतं. एका विद्यार्थ्यानं दहावीच्या परीक्षेला बसायचं नाही असं ठरवलं. तो हॉल तिकीट घ्यायला शाळेत आलाच नाही. तेव्हा गणिताचे सर संध्याकाळी सायकलवर हॉल तिकीट घेऊन त्याच्या गावी गेले, त्याची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी तो परीक्षेला बसला. गोष्ट खरी आहे. सरांनीच ती ह्यांना सांगितली होती. पहिल्या वर्षी सर बोरगावपर्यंत गेले होते. अकोल्यापासून ते काही फार लांब नाही. तिसऱ्या वर्षी वाटेत वारा सुटला. चौथ्या वर्षी सर मूर्तिजापूरला पोचले. सहाव्या वर्षी अवकाळी पाऊस आला. गेल्या वर्षी गारा पडल्या आणि सर बडनेऱ्यात शिरले. मी दरवर्षी दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. या वर्षी ते अमरावतीला आमच्या दारात येतील असा माझा अंदाज होता.

हे मुद्दाम खोटं बोलत नाहीत. प्रत्येक वर्षी मित्र थोडा आणखी मोठा झाला पाहिजे असं त्यांना वाटतं, आणि सांगायला गोष्ट एकच आहे. लोकं मात्र कमी होत गेले. पहिल्या वर्षी हॉल भरला होता. गेल्या वर्षी पुढच्या तीन रांगा होत्या, आणि मागे दोघं जण पेपर वाचायला आलेले होते.

या वेळी दिवाळी झाली आणि समितीच्या पत्राआधी ताईचा फोन आला. ताईशी मी फोनवर बोलू शकते, कारण बोलते तीच.

“घरी हाय का तुया माणूस?”

“बाहेर गेलेत. बँकेत.”

“बरं झालं. मंग ऐक. यंदा पत्र येईन. त्याले नाई लिहून दे.”

मला काही कळेना. “काय लिहून देऊ?”

“नाई. नकार. तू लिहीत असतं ना सगळ्यायले? मले बी एक लिहून दे.”

मग तिनं सांगितलं. महिन्याभरापूर्वी तिच्याकडे एक बाई आली होती. बोरगावच्या किराणा दुकानदाराची मुलगी. आता अकोल्याच्या उर्दू शाळेत गणित शिकवते. सर गेले तेव्हा ती दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होती, आता बदली होऊन आली. ती चहा प्यायली आणि जाता जाता सहज म्हणाली, “सर खुद भी दहावीत गणितात नापास झाले होते ना. त्यांनीच मला सांगितलं होतं.”

“चाळीस वर्षं संसार केला वं मी त्या माणसासंग,” ताई म्हणाली. “मले नाई सांगितलं. त्या पोरीले सांगितलं. अजून काय काय सांगितलं असन? तिले म्हटलं बस, सांग. तर तिची बस होती. मंग मी समितीले म्हटलं का यंदा तिले बोलू द्या. तर ते तिघं म्हणे पहिला मान सरांचा, सर नाई म्हणतीन तवाच दुसरं नाव. अन तुया माणूस कधी नाई म्हणते का?”

“नाही म्हणत.”

“नऊ वर्षं सायकल ऐकून राहिली मी. मले माणूस ऐकायचा हाय. अन हे पाह्य, डावा कान तर गेलाच. उजव्याले मशीन लावली, तो डॉक्टर म्हणते किती दिवस चालन सांगता येत नाई. पुढच्या वर्षी तिले बोलावलं अन मले ऐकूच नाई आलं तं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकून राहिली का मलेच? का तुया बी कान गेला?”

“ऐकतेय ताई.”

“त्याच्या मनाले लागलं नाई पायजे, हे पायजो. त्यानं लय केलं आमच्यासाठी. दवाखान्यात महिनाभर डबा घेऊन येत होता अमरावतीवरून. मले त्याले दुखवायचं नाई. फक्त त्याचं ऐकायचं नाई.”

आठ दिवसांनी समितीचं पत्र आलं. हे खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि वाचायच्या आधीच म्हणाले, “घे लिहायला. आपले निमंत्रण पोचले, आनंदाने स्वीकारतो.”

मी पेन हातात घेतलं आणि म्हणाले, “तुमचे गुडघे.”

एवढंच मला सुचलं. गुडघे दुखतात हे खरं होतं. डॉक्टरांनी तीन महिने बसचा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. ह्यांनी गुडघ्यांकडे पाहिलं, जसं त्यांनीच निमंत्रण पाठवलं होतं. बराच वेळ विचार केला. मला वाटलं ओरडतील. पण म्हणाले, “खरं आहे तुझं. लिही. प्रकृतीच्या कारणाने या वेळी शक्य नाही.” आवाज इतका उतरला होता की मला वाईट वाटलं.

“आणि नाव?” मी विचारलं.

“कोणाचं नाव?”

“तुमच्याऐवजी. दुसरं कोणी.”

“त्याच्यावर दुसरं कोण बोलणार?” हे म्हणाले. “नाव नको. महिना लिही. मार्चपर्यंत बरे वाटेल असे डॉक्टर सांगतात.”

इथं मी चुकले. मला माहीत होतं की तीनपैकी एक गोष्ट गेली की पत्र लंगडं होतं. पण नकार मिळाला याच आनंदात मी ते लिहिलं, सही घेतली, फोटो काढला आणि पाठवला. ताईला मी एक अंगठा पाठवला. तिनं दोन पाठवले.

संध्याकाळी समितीच्या सेक्रेटरींचा फोन आला. ते मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मला स्वयंपाकघरात सगळं ऐकू आलं.

“सर, गुडघ्याचं टेन्शन घेऊ नका! माझ्या पुतण्याची गाडी हाय, दारातून उचलतो अन दारात सोडतो. स्टेज चढाचंच नाई, खालीच खुर्ची टाकू. बसून बोला! मागं गादी लावतो.”

हे म्हणाले, “अरे, पण एवढा त्रास...”

“त्रास कसला? अन तरीबी नसन जमत तं तुम्ही मार्च लिहिलं हाय ना? मार्चात घेऊ. तुमच्याशिवाय कार्यक्रम नाई म्हणजे नाई.”

फोन ठेवून हे स्वयंपाकघरात आले. दोन तास जे तोंड पडलेलं होतं ते एकदम खुललं होतं. “पाहिलंस? माझ्याशिवाय नको म्हणतात. गादी लावणार आहेत.”

दहा मिनिटांत ताईचा फोन. “काय करून ठेवलं वं तू हे?”

मी म्हणाले, “गुडघे लिहिले.”

“गुडघे काहून लिहिले? गुडघ्याले गाडी भेटते! तारखेले दुसरी तारीख भेटते! असं काहीतरी लिही ना ज्याले या लोकायले काही करता येणार नाई!”

त्या रात्रीचं जेवण आटोपल्यावर आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी याचाच विचार केला. आपल्याकडे कोणाला कारण सांगितलं की ते दूर करणं हे लोकांना आपलं काम वाटतं. तब्येत म्हटली की गाडी येते. पाहुणे म्हटले की पाहुण्यांनाही घेऊन या म्हणतात. उपास म्हटला की साबुदाणा तयार असतो. एवढ्या वर्षांत आमचे नकार टिकले ते कारणामुळे नाहीच. ते नावामुळे टिकले. लोकांना हातात दुसरा वक्ता मिळाला की ते पहिल्याला सोडतात. ह्यांनी पद्धत बसवली होती, पण तिच्यात जोर कुठं होता हे मला भांडी घासताना कळलं.

मग मी एक पत्र लिहिलं. ह्यांनी सांगितलेलं नाही. माझं. पण ह्यांच्या नावानं, ह्यांच्या भाषेत. ती मला येते. एवढी वर्षं दुसऱ्याचे कपडे शिवणाऱ्याला त्याचं माप पाठ होतंच.

‘सप्रेम नमस्कार. गाडीची आणि गादीची व्यवस्था केलीत याबद्दल मनापासून आभारी आहे. परंतु या वर्षी मी बोलणार नाही, आणि त्याचे कारण गुडघे नाहीत. माझ्या मित्राविषयी मला जे ठाऊक होते ते नऊ वेळा सांगून झाले. मी त्याचा मित्र होतो, विद्यार्थी नव्हतो. वर्गातला आणि फळ्याजवळचा तो मी पाहिलेला नाही. ज्यांनी पाहिला त्यांचे आपण एकदाही ऐकले नाही. आपल्याच गावात उर्दू शाळेत गणित शिकवणाऱ्या त्याच्या एक विद्यार्थिनी आहेत. या वर्षी त्यांना बोलवावे, अशी माझी विनंती आहे.’

पुढे महिन्याची जागा मी कोरी ठेवली. काय लिहावं कळेना.

त्या दिवशी सहीसाठी तीन पत्रं होती. एक धारणीच्या शाळेला नकार, एक मोझरीला होकार, आणि तिसरं माझं. हे सही करताना वाचत नाहीत. कधीच वाचलं नाही. मी लिहिलं म्हणजे बरोबर, असा त्यांचा हिशोब आहे. मी तिन्ही एकावर एक ठेवली, माझं मधे. ह्यांनी पहिल्यावर सही केली. दुसऱ्यावर पेन टेकवलं.

पेन टेकवलं आणि मी तो कागद ओढून घेतला. शाईची एक रेघ उमटली तिरपी.

“काय झालं?”

मला सांगता येईना. मग मी तेवढं एकच केलं जे मला येत होतं. उभी राहून पत्र वाचून दाखवलं. आयुष्यात मी कोणासमोर उभं राहून असं काही वाचलं नव्हतं. शाळेतही पुस्तक माझ्याकडे आलं की मी खाली बसायची. कागद मी पदराला टेकवून धरला. ‘सप्रेम नमस्कार’पासून ‘विनंती आहे’पर्यंत वाचलं. मग बसले.

पंखा बंद होता तरी ह्यांनी पंख्याकडे पाहिलं.

मग म्हणाले, “सायकल कुठवर गेली होती गेल्या वर्षी?”

“बडनेऱ्यापर्यंत,” मी म्हणाले.

“बडनेरा.” हे म्हणाले. “बोरगाव होतं खरं तर.”

“हो.”

“कोणी सांगितलं तुला? वहिनींनी?”

मी काही बोलले नाही. पण मी नाही म्हणाले नाही, आणि एवढ्या वर्षांत ह्यांना माझं न बोलणं वाचता येतं, माझं लिहिलेलं वाचत नसले तरी.

“रागावल्यात माझ्यावर?”

“नाही. त्यांनी सांगितलं तुमच्या मनाला लागू द्यायचं नाही.”

“मग लागलं नाही असं सांग,” हे म्हणाले, आणि कागद मागितला. चष्मा पुसला. पहिल्यांदा माझं अक्षर त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. ‘गादीची’ हा शब्द काढायला सांगितला, म्हणाले चेष्टा वाटते. मग एकदम मास्तर झाले. “आणि या बाईंना विचारलंस का आधी? विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला?”

मी विचारलं नव्हतं. ताईकडून नंबर घेतला आणि ह्यांनीच फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवायची त्यांना सवय आहे.

तिकडून आवाज आला, “सर, मैं? मी कशी बोलणार? इतक्या मोठ्या लोकांत? मला नाही जमणार, सर. तुम्हीच बोला ना. नाहीतर आमचे हेडमास्तर आहेत, ते छान बोलतात. मी पुढच्या वर्षी नक्की.”

हे माझ्याकडे पाहून हसले. कारण, नाव, महिना. तिन्ही होतं, आणि कोणी न शिकवता.

“तुमच्या हेडमास्तरांना तो शिकवायचा का?” ह्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग ते काय बोलणार? आणि पुढच्या वर्षाचं असं आहे, बाई, की त्याची बायको ऐकायला बसणार आहे. तिला आत्ता ऐकू येतं.”

मग ती म्हणाली, “फक्त दहा मिनिटं बोलीन.”

“दहा पुष्कळ झाली,” हे म्हणाले. पावणेदोन तासांचा माणूस हे म्हणाला.

पत्र परत उतरवून काढलं. महिन्याशी आल्यावर मी थांबले. “इथं काय लिहू? पुढच्या जानेवारीत?”

“महिना नको,” हे म्हणाले. “लिही, श्रोता म्हणून येतो आहे. गाडी पाठवू नये.”

गुडघ्यांमुळे बस नको होती म्हणून आम्ही रेल्वेनं गेलो. बोरगाव मागे गेलं तेव्हा ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. हॉलमध्ये पाच रांगा भरल्या होत्या. उर्दू शाळेच्या बाया आल्या होत्या आणि सरांचे जुने विद्यार्थी, कोणाचे केस गेलेले, कोणाचे रंगवलेले. ताई पुढच्या रांगेत अगदी मधे, उजवा कान माइककडे करून तिरपी बसली होती. ह्यांना लोकांनी स्टेजवर चला म्हणून ओढलं. हे माझ्याशेजारी दुसऱ्या रांगेत बसले आणि खुर्ची धरून ठेवली.

ती बाई बोलायला उभी राहिली. कागद नव्हता. हात दुपट्ट्यात. म्हणाली, “ते हॉल तिकीट माझंच होतं.”

हे माझ्याकडे वळले. नऊ वर्षं भाषणात त्यांनी तिला मुलगा केलं होतं. कोणाचं तिकीट, हे त्यांनी मित्राला कधी विचारलंच नव्हतं.

तिनं सांगितलं की सराव परीक्षेत तिला गणितात अकरा मार्क पडले होते. घरी म्हणाले आता बस झालं. संध्याकाळी सर दुकानात आले. अब्बांनी त्यांना गिऱ्हाईक समजून काय पाहिजे विचारलं. सर म्हणाले, एक किलो साखर. साखर घेतली. मग हॉल तिकीट काउंटरवर ठेवलं आणि तिला म्हणाले, मी दहावीत गणितात नापास झालो होतो, माझ्या बापानं मला परत बसवलं, नसतं बसवलं तर मीही आज साखर जोखली असती, आणि ती मला नीट जोखता आली नसती, कारण मला वजाबाकी येत नव्हती. अब्बा हसले. सर मात्र हसले नाहीत. शेवटची एसटी चुकेल म्हणून घाईनं गेले आणि साखर तिथंच विसरले.

“एसटी?” हे मला हळूच म्हणाले.

मी म्हणाले, “हो.”

एवढं झालं आणि माइक शिट्टी मारायला लागला. ताईच्या कानातलं मशीनही शिट्टी मारायला लागलं. दोन्ही एकमेकांना उत्तर देत होती. ताईनं ते काढलं, हलवलं, परत घातलं, परत काढलं. ती बाई पुढं बोलत राहिली, फळ्याबद्दल, सर चुकीचं गणित मुद्दाम करून कसे वाट पाहत थांबायचे त्याबद्दल. लोकं हसले, टाळ्या वाजल्या. ताई सगळ्यांबरोबर हसत होती, पण एक क्षण उशिरानं. तिला अर्धंच ऐकू आलं, हे मला मागून तिच्या मानेवरून कळत होतं. दहाची वीस मिनिटं झाली. कोणी घड्याळ पाहिलं नाही, ह्यांनीसुद्धा.

कार्यक्रमानंतर हे ताईसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्यानं म्हणाले, “वहिनी, सायकल नव्हतीच म्हणे.”

मशीन ताईनं परत कानात घातलं होतं. “मले मालूम होतं,” ती म्हणाली. “सायकल त्या दिवशी घरीच उभी होती. पंक्चर. मीच नेली दुकानात.”

“मग नऊ वर्षं बोलल्या काहून नाही?” ह्यांच्या तोंडात अकोल्याची भाषा आली, बऱ्याच वर्षांनी.

“तू एवढ्या लांब नेऊन राहिला होता. त्याले मधातच कशी उतरवू?”

हे हसले. इतके हसले की गुडघ्यावर हात ठेवावा लागला. मग चहा घ्यायला त्या बाईंकडे गेले.

ताईनं मला बाजूला ओढलं. “नापास झाल्याचं ऐकू आलं मले. साखरेचं बी. मंग हे मेलं वाजायला लागलं. पुढं काय म्हणाली ते नाई समजलं. तू ऐकलं ना?”

“ऐकलं.”

“मंग लिहून दे मले. मोठ्या अक्षरात. तू सगळ्यायचं लिहीत असतं.”

घरी येऊन मी लिहायला बसले. आठ पानं झाली, मोठ्या अक्षरात. ती बाई जे बोलली ते सगळं, जिथं लोकं हसले ते कंसात. बोरगाव हे बोरगावच ठेवलं. वारा, पाऊस, गारा काही घातलं नाही. नेहमीसारखी पानं सहीसाठी ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी पेन घेतलं, पहिलं पान वाचलं, मग दुसरं, आठही वाचली, आणि पेन बंद करून परत माझ्याकडे सरकवलं.

“हे माझं नाही,” म्हणाले.

मग मीच खाली नाव लिहिलं. नुसतं नाव लिहायला मला तीन दिवस लागले. ताईला ते पोस्टानं पाठवलं, कारण आठ फोटो तिला उघडता येत नाहीत. आठवड्यानं तिचा फोन आला. म्हणाली, अक्षर छान हाय, दोनदा वाचलं, पंक्चरचं तेवढं राहून गेलं.